पाच तारीख रविवारी आली, तर भाडं कधीपर्यंत ‘वेळेत’?

*लेकीच्या नीटच्या क्लाससाठी आम्ही लातूरला अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतलाय. भाडं बारा हजार. करारात असं आहे : ‘भाडे दरमहा ५ तारखेपर्यंत द्यावे. ३ दिवसांची सवलत राहील. त्यानंतर विलंब झाल्यास प्रतिदिन रु. २०० आकारले जातील. तीन वेळा विलंब झाल्यास करार रद्द समजण्यात येईल.’ एप्रिल २०२६ मध्ये ५ तारीख रविवारी आली. आम्ही दर महिन्याला चेकच देतो. या वेळी ८ तारखेला संध्याकाळी मालकांच्या घरी जाऊन त्यांच्या हातात चेक दिला. त्यांनी तो ९ ला बँकेत टाकला, १० ला जमा झाला. आता ते म्हणतात, पाच दिवस उशीर झाला, हजार रुपये द्या, आणि हा पहिला विलंब मी धरलाय. माझे मिस्टर म्हणतात, रविवारची सुट्टी होती म्हणजे मुदत ६ ची, सवलत ९ पर्यंत. बरोबर कोण?*

*एक वाचक, लातूर*

ताई, हजार रुपये देऊ नका. तुमचं भाडं वेळेत पोचलंय. मात्र ते तुमचे मिस्टर सांगतात त्या कारणाने नाही, आणि मालकांपुढे तेच कारण रेटलंत तर जिंकलेला वाद हातचा घालवाल. तुमची बाजू रविवारावर उभीच नाही. ती उभी आहे ८ तारखेला मालकांच्या हातात पडलेल्या चेकवर.

तरी रविवारापासूनच सुरुवात करू, कारण हा समज घरोघरी आहे. ‘शेवटची तारीख सुट्टीची आली की दुसऱ्या दिवशी चालतं’ हे आपण लाइट बिलाच्या, परीक्षेच्या फॉर्मच्या, कोर्टाच्या तारखांवरून शिकलोय. त्यामागे कायदा आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम १० सांगतं की एखादी गोष्ट कोर्टात किंवा कार्यालयात ठराविक दिवशी करायची असेल आणि त्या दिवशी ते बंद असेल, तर पुढच्या उघड्या दिवशी केलेली चालते. पण ही सवलत कायद्याने घालून दिलेल्या मुदतींना आहे, आणि तीही कोर्ट-कार्यालयातल्या कामाला. दोन माणसांनी आपसात कागदावर ठरवलेल्या तारखेला ते कलम आपोआप चिकटत नाही. तुमच्या मालकांचा दिवाणखाना हे कार्यालय नव्हे.

आणि ‘सुट्टी म्हणजे पुढचा दिवस’ हा नियम सगळीकडे आहे असंही नाही. हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम २५ नुसार ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं धरतात. म्हणजे पुढे नाही, उलट मागे. त्यामुळे करारात सुट्टीबद्दल एक अक्षरही नसेल, तर सुट्टी आपल्या सोयीच्या बाजूला झुकेल असं गृहीत धरायला काही आधार उरत नाही.

त्यात आता पैसे पाठवायला बँकेचं शटर वर असावं लागत नाही. यूपीआय आणि आयएमपीएस रविवारी चालतात. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सातही दिवस सुरू आहे, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. कोणताही मालक विचारेल, ‘रविवारी भाजी घेताना स्कॅन करता, मग भाडं का नाही?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही.

सुट्टीचा मुद्दा जोरात मांडता येतो तो वेगळ्या परिस्थितीत. करारात भाडं देण्याची रीतच अशी ठरलेली असेल की ती सुट्टीला शक्य नाही, तर. ‘अमुक बँकेच्या अमुक शाखेत रोख भरावे’ असं लिहिलं असेल आणि शाखाच बंद असेल, तर दोष तुमचा कसा? आपल्याकडे बऱ्याच मालकांचं खातं पतसंस्थेत असतं आणि ‘भाडं तिथंच भरा’ असा आग्रह असतो. बहुतेक पतसंस्था स्वतः बँकांच्या पैसे-पाठवणीच्या यंत्रणेत नसतात, त्यामुळे तिथं खिडकी उघडण्याची वाट बघण्यावाचून इलाज नसतो. अशा ठिकाणी पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं भाडं उशिरा आलं म्हणणं कोणालाही जड जाईल. आणि या एप्रिलचा पहिला आठवडा अशांना खरोखर अवघड होता. १ तारखेला वार्षिक हिशेबासाठी बँका बंद, ३ ला गुड फ्रायडे, ५ ला रविवार. पाचच्या आत शाखा उघडी होती ती २ आणि ४ तारखेला, बस. तुमच्या करारात मात्र कुठल्या शाखेचं नाव नाही आणि चेक तुम्ही घरी नेऊन देता. तेव्हा रविवार सोडून द्या.

आता सवलतीचे तीन दिवस. ते मोजायचे कसे? पाच तारीख धरायची नाही, सहापासून मोजायचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ११० भाडेपट्ट्याच्या मुदतीबद्दल हेच सांगतं, की ज्या दिवसापासून मुदत सुरू होते तो दिवस मोजणीतून वगळायचा. जनरल क्लॉजेस ॲक्टही हीच रीत धरतो. म्हणजे ६, ७, ८. सवलत ८ तारखेला संपली. करारात नुसतं ‘दिवस’ लिहिलंय, ‘कामकाजाचे दिवस’ नाही, म्हणून मध्ये सुट्टी आली असती तरी ती मोजली गेली असती.

‘सवलत’ म्हणजे नेमकं काय, यावर घरमालक आणि भाडेकरू नेहमी वेगवेगळं बोलतात. काही मालकांचं म्हणणं असं, की तारीख पाचच, आठपर्यंत मी फक्त दंड लावत नाही, पण उशीर तो उशीरच. तुमच्याकडे तीन विलंबांचं कलम असल्यामुळे हा फरक हजार रुपयांपेक्षा महाग आहे. दर महिन्याला ७ तारखेला भाडं देणारा माणूस या हिशेबाने तीन महिन्यांत घराबाहेर. तुमच्या करारातले शब्द तुमच्या बाजूचे आहेत : ‘त्यानंतर विलंब झाल्यास’. सवलतीनंतर जे होईल तोच विलंब. पुढच्या वाक्यातला ‘विलंब’ही मग तोच, एका परिच्छेदात एका शब्दाचे दोन अर्थ कोणी लावू शकत नाही. तेव्हा आठच्या आत दिलेलं भाडं दंडासाठीही वेळेत आणि तीनच्या गणतीसाठीही वेळेत.

उरला खरा प्रश्न. आठला चेक दिला, दहाला पैसे जमा झाले. भाडं ‘दिलं’ कधी?

चेक वटला, तर पैसे दिल्याची तारीख ही चेक हातात दिल्याची तारीख धरतात. वटण्याची नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५४ सालीच ओगले ग्लास वर्क्सच्या आयकराच्या खटल्यात स्पष्ट केलंय. कंदिलांसाठी प्रसिद्ध असलेला ओगलेवाडीचा तोच काच कारखाना. चेक स्वीकारला आणि तो परत आला नाही, तर देणं चेक मिळाला त्या दिवशीच फिटलं, असं त्या निकालाचं सार आहे. पुढे १९८९ मध्ये के. सरस्वती खटल्यातही न्यायालयाने तेच सांगितलं, की चेक पुढे वटला की पैसे चेक मिळाल्याच्या तारखेलाच दिले असं समजायचं. त्यामागची रीत साधी आहे. तुमच्या हातातलं काम चेक देण्यापर्यंतचं. तो मालकांनी त्याच संध्याकाळी बँकेच्या पेटीत टाकला की आठवडाभर कपाटात ठेवला, यावर तुमचा ताबा नाही. नाहीतर कोणताही मालक चेक चार दिवस दाबून ठेवून दंड कमावू शकेल.

याला दोन अटी आहेत, त्या नीट लक्षात घ्या. पहिली, चेक वटला पाहिजे. तो ‘अपुरी शिल्लक’ म्हणून परत आला, तर आठ तारखेला काहीच दिलं नव्हतं असं होतं आणि उशीर सहापासून नाही तरी नऊपासून नक्की सुरू होतो. चेकवर पुढची तारीख घातली असेल तरीही हा फायदा मिळत नाही. आठला दिलेल्या चेकवर १२ तारीख टाकली असेल, तर मालक तो १२ च्या आधी टाकूच शकत नाहीत, मग ते भाडं १२ चंच. दुसरी अट, मालकांना चेक चालत असला पाहिजे. रोख किंवा ऑनलाइन ठरलं असताना शेवटच्या संध्याकाळी चेक पुढे केला, तर तो नाकारण्याचा हक्क त्यांना आहे. तुमच्याकडे हा प्रश्न नाही, कारण दर महिन्याला ते चेकच घेत आलेत. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५० म्हणतं की घेणाऱ्याने मान्य केलेल्या रीतीने दिलं की देणं झालं. त्या कलमाखाली दिलेलं एक उदाहरण तर अगदी जवळचं आहे : शंभर रुपये येणं असलेला माणूस म्हणतो, नोट पोस्टाने पाठव. देणेकऱ्याने बरोबर पत्ता घालून पाकीट पोस्टात टाकलं, की कर्ज फिटलं.

मालकांचा आणि तुमचा हिशेब आता शेजारी शेजारी मांडून बघा. मालक ६ ते १० असे पाच दिवस धरतात आणि हजार म्हणतात. त्यांनी सवलतीचे तीन दिवसही उशिरात ओढलेत, ते करारातल्या ‘त्यानंतर’ या शब्दाशी जुळत नाही. घटकाभर त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि जमा होण्याची तारीखच खरी धरली, तरी उशीर होतो तो ९ आणि १० चा, म्हणजे चारशे. तुमच्या मिस्टरांच्या हिशेबात मुदत ९ ला संपते. त्या वाटेने गेलात आणि जमा होण्याची तारीख मान्य करून बसलात, तर १० चा एक दिवस, दोनशे रुपये आणि वर ‘पहिला विलंब’ पदरात. चेक दिल्याची तारीख धरली, की शून्य. हातात शून्य असताना दोनशेच्या वाटेने कशाला जायचं?

आता पुरावा. चेक आठला दिला हे दाखवणार कशावरून? चेकवर ८ तारीख लिहिली असली तरी ती तुम्हीच लिहिलेली. बँकेच्या शिक्क्यावर ९ असेल. मालक ‘मला ९ ला सकाळी मिळाला’ म्हणाले, तर वाद एका शब्दाविरुद्ध एक शब्द असा होतो. त्या संध्याकाळी चेकचा फोटो काढून पाठवला होता का, ‘काका, भाड्याचा चेक दिला’ असा मेसेज होता का, निघताना फोन केला होता का, हे आज शोधा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. भाड्याची पावती देणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने मालकावर बंधनकारक केलंय. ती मागायला आपल्याकडे उगाच संकोच करतात, विशेषतः मालक ओळखीतले असले की. पावती मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. पुढच्या महिन्यापासून एक साधी वही करा. तारीख, चेक नंबर, रक्कम, आणि समोर मालकांची सही. सही करायला अर्धा मिनिट लागतो आणि नंतर कोणालाच काही आठवावं लागत नाही.

दरम्यान, मालकांना लेखी उत्तर द्या. तोंडी बोलणं झालं असलं तरी लिहाच, कारण त्यांनी ‘पहिला विलंब’ धरलाय आणि तुम्ही गप्प बसलात, तर उद्या ते ‘तेव्हा काही म्हणाल्या नाहीत’ असं म्हणतील. व्हॉट्सॲपवर एवढं पुरे :

‘काका, नमस्कार. एप्रिल २०२६ चं भाडं रु. १२,००० चा चेक ८ एप्रिलला संध्याकाळी तुमच्या घरी तुमच्या हातात दिला. चेक वटून रक्कम जमा झाली आहे. करारातली ३ दिवसांची सवलत ८ एप्रिलपर्यंत होती, त्यामुळे हे भाडं मुदतीत दिलेलं आहे. विलंब आकार लागू होत नाही आणि हा महिना विलंब म्हणून धरू नये, ही विनंती. एप्रिलची पावती द्यावी.’

यात रविवारचा उल्लेख नाही, मुद्दामच नाही. चिडून आणखी चार वाक्यं जोडू नका.

दोनशे रुपये रोज या आकड्याबद्दलही सांगायला हवं, कारण पुढे कधी खरंच उशीर झाला तर तो कामी येईल. बारा हजारांवर रोज दोनशे म्हणजे वर्षाला त्र्याहत्तर हजार, सहाशे टक्क्यांच्या वर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडं थकल्यावरून दावा लागतो, तेव्हा भाडेकरूने कोर्टात थकबाकी भरताना व्याज द्यायचं असतं ते वर्षाला १५ टक्के, तेही सरळव्याज. त्या दराने बारा हजारांचं एका दिवसाचं व्याज पाच रुपयेही होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी तो वरची मर्यादा समजायचा, कोर्ट त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं. याचा अर्थ दोनशे रुपये कधीच देऊ नयेत असा नाही. एका दिवसाच्या दोनशेसाठी वकिलाची पायरी चढणं परवडत नाही, आणि सही आपणच केलेली असते. पण कोणी महिनाभराचे सहा हजार डिपॉझिटमधून कापायला निघालं, तर तिथं हे कलम काढायचं.

‘तीन वेळा विलंब, करार रद्द’ याकडे मात्र हलक्याने बघू नका. अकरा महिन्यांचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. साध्या भाडेकरूला कायद्याने एक कवच दिलंय : भाडं थकलं म्हणून दावा लावण्याआधी मालकाने लेखी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, व्याज आणि खर्च कोर्टात भरून, पुढे नियमित भाडं भरत राहिलं, तर घर वाचवता येतं. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला हे कवच नाही. त्याचं घर करारातल्या शब्दांवर टिकतं. परीक्षा तोंडावर असताना लेकीला घर बदलावं लागणं हा हजार रुपयांचा प्रश्न राहत नाही. म्हणून विलंबाची नोंद पुसून घेणं, निदान लेखी नाकारणं, हे पैशांपेक्षा आधी. करार नोंदवलेला आहे का, तेही बघा. नोंदणी करून घेणं मालकाचं काम आहे, आणि नोंदवलेला लेखी करार नसेल तर अटींबाबत घर घेणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. बाँडवर लिहून नोटरी करून ठेवलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

कदाचित आता तुम्हाला वाटेल, नकोच ती चेकची भानगड, ऑनलाइनच पाठवू. पाठवा, पण तिथं तारखेचं गणित वेगळं आहे. ऑनलाइनमध्ये चेकसारखी मागे जाणारी तारीख मिळत नाही, व्यवहारात मालकांच्या खात्यात जमा झाल्याची वेळच धरतात. यूपीआयला काही सेकंदांचा फरक, म्हणून त्रास होत नाही, पण ‘पेंडिंग’ दाखवत असेल तर भाडं गेलेलं नाही. तुमच्या खात्यातून वजा झालं असलं तरीही नाही. अशा वेळी यूटीआर नंबर जपून ठेवा आणि शक्य असेल तर दुसऱ्या मार्गाने त्याच दिवशी पैसे पाठवा, मग पहिले परत आले की मालकांकडे जमा झाले ते तपासा.

एनईएफटीमध्ये तर शेवटच्या रात्रीचा एक सापळाच आहे. पैसे लगेच जात नाहीत, दर अर्ध्या तासाने गठ्ठ्याने जातात, आणि गठ्ठा निघाल्यापासून जमा करायला समोरच्या बँकेला दोन तास असतात. आठला रात्री पावणेबाराला पाठवलेले पैसे बाराच्या गठ्ठ्यात जातात आणि मालकांच्या पासबुकात ९ तारीख दिसते. तुमच्या स्टेटमेंटवर ८. दोघंही आपापलं पासबुक दाखवून खरं बोलत असतात. म्हणून शेवटच्या दिवशी एनईएफटी करायचीच असेल, तर दुपारपर्यंत उरका. मालकांचं खातं पहिल्यांदाच जोडत असाल तर दोन दिवस आधी जोडा, नव्या खात्यावर पहिले चोवीस तास बऱ्याच बँका थोडीच रक्कम जाऊ देतात. यूपीआय नव्याने सुरू केलं असेल तरी पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांच्या वर जात नाही, बारा हजार तिथंच अडकतात.

रोखीने देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तारीख रात्री बाराला संपते म्हणून रात्री साडेअकराला मालकांची कडी वाजवणं चालत नाही. करार कायद्याचं कलम ४७ सांगतं, की देणं नेहमीच्या कामाच्या वेळेत दिलं पाहिजे. मालक नवरात्रात तुळजापूरला गेले असतील आणि घराला कुलूप असेल, तर ते परत येण्याची वाट बघत बसू नका. फोन करून ‘कुठे देऊ’ विचारा, मेसेज टाका, खातं माहीत असेल तर त्यात भरा. पूर्ण रक्कम, ठरलेल्या वेळेत, कुठलीही अट न घालता पुढे केली आणि ती घेतली गेली नाही, तर दोष देणाऱ्याकडे राहत नाही. ‘नळ दुरुस्तीचे आठशे कापून’ पुढे केलेलं भाडं या व्याख्येत बसत नाही. दुरुस्तीचा हिशेब वेगळा मागा, भाडं पूर्ण द्या.

करार संपायला आला की नवा करताना हे कलम बदलून घ्या. चालू कराराच्या मध्येच बदल करायचा तर पुरवणी करार करून नोंदवावा लागेल, त्यापेक्षा नूतनीकरणाला बोलणं सोपं. मालकांचाही यात फायदाच आहे, त्यांना दर महिन्याला वाद नको असतो. ‘करार सगळे सारखेच असतात’ म्हणून एजंट टाळाटाळ करेल. ऐकू नका, ऑनलाइन नोंदणीतही जादा अटी लिहायला जागा असते. तिथं हे लिहून घ्या :

‘मासिक भाडे चालू महिन्याच्या ५ तारखेपर्यंत देय राहील. ५ तारखेनंतर ३ दिवस (म्हणजे ८ तारखेपर्यंत) सवलतीचे राहतील व त्या मुदतीत दिलेले भाडे या करारातील सर्व कारणांसाठी वेळेत दिलेले समजले जाईल. सवलतीचा शेवटचा दिवस रविवार, दुसरा वा चौथा शनिवार किंवा लातूर येथील बँकांच्या सुट्टीचा दिवस असल्यास मुदत बँकेच्या पुढील कामकाजाच्या दिवसापर्यंत राहील. चेकने दिलेले भाडे, चेक वटल्यास, चेक मालकास मिळाल्याच्या तारखेस दिले असे समजले जाईल. ऑनलाइन दिलेले भाडे देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा झाल्याच्या तारखेस दिले असे समजले जाईल, मात्र ती रक्कम मालकाच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाली पाहिजे. विलंब आकार मुदत संपल्यानंतरच्या दिवसापासून मोजला जाईल.’

सुट्टीची सवलत पाच तारखेला न लावता आठ तारखेला लावलीय, हे मुद्दाम. पाचला लावली तर एका महिन्यात सवलत आठला संपणार, दुसऱ्या महिन्यात नऊला, आणि दर वेळी कॅलेंडर काढून भांडण. शेवटच्या दिवशीच लावली की बाकीच्या सुट्ट्यांनी काही फरक पडत नाही. ‘लातूर येथील बँकांच्या’ हे शब्दही राहू द्या. बँकांच्या सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या असतात, आणि १ एप्रिलसारखी सुट्टी शाळेला नसते, बँकेला असते.

विलंबाचा आकडाही त्याच बैठकीत बोला. रोज दोनशेऐवजी रोज पन्नास आणि महिन्याला जास्तीत जास्त पाचशे, असं बहुतेक मालक मान्य करतात, कारण त्यांना दंड नको असतो, तारीख पाळलेली हवी असते. तीन विलंबांच्या कलमात ‘लेखी नोटीस दिल्यानंतर सात दिवसांतही भाडे न दिल्यास’ एवढी भर घातली, तर एखादा चेक प्रवासात अडकल्याने घर जाणार नाही.

आणि पगार. घरात पगार ७ तारखेला होत असेल, तर देय तारीख ५ ठेवून दर महिन्याला सवलतीवर जगण्यात अर्थ नाही. तारीखच १० मागा. १० घेतलीत तर दुसऱ्या शनिवारकडे लक्ष ठेवा. तो नेहमी ८ ते १४ च्या मध्ये येतो, पाठोपाठ रविवार, म्हणजे चेकवाल्यांचे दोन दिवस सलग जातात.

एप्रिलचे हजार रुपये मालकांनी भाड्यात वळते केले किंवा ‘डिपॉझिटमधून बघू’ म्हणाले, तर मेचं भाडं देताना पूर्ण बारा हजारच द्या आणि चेकच्या मागे व मेसेजमध्ये ‘मे २०२६ चे भाडे’ असं लिहा. देणाऱ्याने कशासाठी देतोय ते सांगून दिलेले पैसे घेणाऱ्याला दुसऱ्या खात्यात वळवता येत नाहीत, करार कायद्याचं कलम ५९. नुसता चेक दिलात, तर त्यातले हजार एप्रिलच्या दंडात टाकून मेचं भाडं अपुरं आलं असं म्हणायला त्यांना जागा राहील, आणि मग दुसरा विलंब तिथून सुरू होईल.